प्लेगच्या सालातली भीती आणि आजचा दारावरचा नकार

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात राहते. करवीर तालुक्यातल्या शाळांमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झाले. आता आशाताई आणि नर्सताईंच्या प्रशिक्षणात अधूनमधून बोलायला जाते. तिथे एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘इंग्रजांच्या काळात लोकांनी अज्ञानापोटी आणि अंधश्रद्धेपोटी लसीला विरोध केला.’ माझे विद्यार्थीही ‘कारणे लिहा’ या प्रश्नाखाली हेच लिहायचे आणि पूर्ण गुण घ्यायचे. या उत्तरात कारणाच्या जागी परिणाम बसला आहे. ते शिकून बाहेर पडलेली ताई दारावर नकार ऐकला की समोरच्या बाईला अडाणी धरूनच बोलू लागते आणि ते दार कायमचे बंद होते. म्हणून १८९६ ते १८९८ या सालांत काय घडले, ते आपल्यासमोर नीट मांडते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्तांनी फर्मान काढले की संशयित रोग्याला गरज पडल्यास जबरदस्तीने रुग्णालयात हलवता येईल. त्याच महिन्याच्या २९ तारखेला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. अजून लस तयारही झाली नव्हती. म्हणजे पहिला उद्रेक सुईविरुद्ध नव्हताच, माणूस उचलून नेण्याविरुद्ध होता.

रुग्णालयाची एवढी धास्ती का होती, यामागचा हिशेब साधा आहे. गाठीच्या प्लेगात बहुतेक रोगी दगावत. घरचे लोक रोगी लपवत, त्यामुळे तो सापडायचा तेव्हा अखेरच्या घटका मोजत असे. तिथे पोचल्यावर एकदोन दिवसांत तो जाई, आणि नातेवाइकांना भेटू देत नसत. बाहेर उभ्या माणसाला दिसे ते एवढेच, की आत गेलेला परत येत नाही. मग पुढचा रोगी आणखी घट्ट लपवला जाई आणि आणखी उशिरा सापडे. ‘रुग्णालयात मारतात’ ही अफवा अशी रोज खरी ठरत गेली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला. चार कलमांचा हा कायदा. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि हुकूम बजावणाऱ्याने सद्भावनेने काही केले तर त्याच्यावर दावा लावता येणार नाही, हे चौथे कलम. तक्रारीला जागाच ठेवली नव्हती. पुढचे सगळे या कलमाच्या पोटातून निघाले असे मला वाटते.

मार्च १८९७ पासून पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली सोल्जरांनी घरझडत्या सुरू केल्या. इथे एक गोष्ट जवळून पाहायला हवी. प्लेगची गाठ येते ती जांघेत, काखेत, नाहीतर मानेवर. म्हणजे रोग शोधायचा तर अंगावरचे कपडे बाजूला करूनच शोधावा लागणार. हे काम भाषा न कळणाऱ्या परक्या शिपायांकडे दिले. ते बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, आणि बायाबापड्यांना बाहेर काढून तपासत. गाठ सापडली की रोगी रुग्णालयात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, आणि घरातले कपडेलत्ते, चीजवस्तू होळीत. कौले काढून ऊन आत घेतले जाई, जमीन उकरली जाई, कार्बोलिकचे पाणी मारले जाई. सुटायचा मार्ग एकच, रोगी दडवायचा. काहींनी प्रेतेसुद्धा घरातच पुरली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. तो दिवस आपण पाठ करतो, त्याआधीचे तीन महिने मात्र दोन ओळींत उरकतो.

याहून वाईट म्हणजे यातले बरेचसे केले ते रोगाच्या दृष्टीने निरुपयोगी होते. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून येतो. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये हे मांडले, पण सरकारदरबारी ते पटायला आणखी आठदहा वर्षे गेली. घर उकरले आणि औषध फवारले की जिवंत उंदीर शेजारच्या घरात जाई. रोग्याच्या धडधाकट बायकोला छावणीत डांबून काही साधत नव्हते. उलट, छावणीच्या धाकाने माणसे रातोरात पळत आणि बोचक्यातून, धान्याच्या पोत्यांतून पिसवा सोबत नेत. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळपास निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती.

आणि ज्याला अडाणीपणा म्हणत होते, तेच लोकांचे शहाणपण कामाचे निघाले. उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि माळावर झोपडी घालून राहायचे, हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही. उंदरांपासून दूर जाणे हाच त्या काळातला सर्वांत खात्रीचा उपाय होता. १८९७ चा तो कायदा खालसा मुलखाचा, कोल्हापूर संस्थानाला लागू नव्हता. इथे प्लेग आला तेव्हा शाहू महाराजांच्या दरबारानेही वस्ती गावाबाहेर हलवण्यावर भर दिला. संस्थानात सगळे गोड होते असे मी म्हणत नाही, हुकूम इथेही सुटत. पण हुकूम लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टीच्या दिशेने सुटला की त्याचा जाच कमी होतो.

आता लसीकडे येते. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, तीही १० घनसेंटिमीटर. नंतर लोकांना दिली जाणारी मात्रा याच्या कितीतरी कमी होती. मांसाच्या रश्शात, वर तुपाचे थेंब सोडून, जंतू कित्येक आठवडे वाढवायचे आणि मग उष्णता देऊन मारायचे, अशी ती कृती. लस बऱ्यापैकी गुणकारी होती. लागण कमी होई, मरण त्याहून कमी होई, पण संरक्षण काही महिनेच टिके. टोचल्यावर सणकून ताप चढे, दंड सुजे, एकदोन दिवस कामावर जाता येत नसे. हातावर पोट असलेल्याची तेवढी मजुरी बुडे, आणि ती भरून देणारे कोणी नसे.

तेव्हाच्या अफवा आता तपासून पाहा. लसीत गाईडुकराचे मांस आहे, अशी एक. हाफकिननी रश्शाला बोकडाचे मांस वापरले होते, ते लोकांच्या धर्मभावना सांभाळण्यासाठीच. पण मांस होते हे खरे, आणि शाकाहारी घरांना ते कोणी आधी सांगितले नव्हते. पंजाबात पसरले होते की सुई गजभर लांब असते, पुरुषाचे पुरुषत्व जाते, बाईला मूल होत नाही. ज्या सरकारच्या माणसांनी कालपर्यंत बायकांच्या जांघा चाचपल्या, त्याच सरकारची सुई आज आली, तर भीती नेमकी तिथेच जाऊन बसणार. हे माझे अनुमान आहे, पण याहून सरळ कारण मला दिसत नाही.

त्यात सरकारने आणखी एक चूक केली. टोचून घेतल्याचा दाखला असेल त्याला विलगीकरणातून सूट दिली. वरकरणी हे उदार वाटते. पण त्यामुळे लस म्हणजे औषध न राहता छावणीतून सुटण्याचा परवाना झाली. काहींनी तेवढ्यासाठी घेतली आणि बाकीच्यांचा संशय पक्का झाला.

लोक मुळातच सुईचे वैरी असते तर आपल्या शेजारचे हुबळी समजावून सांगता आले नसते. १८९८ मध्ये तिथे हजारोंनी टोचून घेतले. डोळ्यांसमोर शेजारी मरत होते आणि टोचलेले तगताना दिसत होते. पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय काढले, तिथे माणसे आपल्या पायांनी गेली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली आणि त्यानंतर सरकारने हळूहळू सक्तीचा नाद सोडला.

एवढे होऊन विश्वास जेमतेम बसू लागला होता, तेव्हा ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. हे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्याच दिवशी वापरलेल्या इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, असे चौकशीत पुढे आले. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. खरे काय ते लोकांपर्यंत पोचेपर्यंत पंजाबातली मोहीम कधीच बसली होती.

मंत्रिमहोदय, २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा आमच्या पंचक्रोशीतल्या एका शाळेत टोचणीच्या दिवशी पटावरच्या मुली निम्म्याने गैरहजर होत्या. ‘पुढे मूल होणार नाही’ असे त्यांच्या आया हळू आवाजात सांगत होत्या. मी त्यांच्या घरी गेले. एकीनेही देवाचे नाव काढले नाही. याच बायका आषाढात टेंबलाईला नवे पाणी घालायला जातात आणि लेकराला ताप आला की सीपीआर रुग्णालयातही नेतात. त्यांचे प्रश्न होते : काय टोचणार, ताप आला तर कोणाला फोन करायचा, आणि चिठ्ठीवर सही का मागता? त्या चिठ्ठीत यातले काहीच नव्हते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रशिक्षणातले ते अज्ञानाचे वाक्य काढा आणि त्या जागी झडती, छावणी, दाखला आणि लस ही साखळी शिकवा. मुलींच्या लसीकरणात आडोशाची वेगळी खोली आणि टोचणारी बाईच असावी, हे परिपत्रकातच लिहा. लस घेतली नाही म्हणून शाळेचा दाखला, रेशन किंवा एखादी योजना अडवू नका. मजूर बाईला लेकराजवळ थांबायला एक दिवसाची मजुरी देता येते का, तेही पाहा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. लसीनंतर काही बिघडले तर तपासायला जिल्ह्यात समिती असते. तिचा निष्कर्ष फायलीत राहू नये. काय झाले, कोणत्या बाटलीतून झाले, त्या बाटलीतून टोचलेली इतर मुले कशी आहेत, हे साध्या मराठीत त्याच गावच्या ग्रामसभेत, वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः उभे राहून सांगावे. चौकशी अपुरी असेल तर तेही सांगावे आणि पुढची तारीख द्यावी. याची सुरुवात कोल्हापूर जिल्ह्यातून करायची झाल्यास गावोगावच्या महिला मंडळांशी बोलायला मी आणि माझ्यासोबतच्या निवृत्त शिक्षिका तयार आहोत. आपल्या कार्यालयाकडून उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
कोल्हापूर