सॉफ्टनरला मंजुरी देण्यापूर्वी पाण्याचा संपृक्तता निर्देशांक काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व समिती सदस्य,
गृहनिर्माण संस्था, इंदूर

विषय: पूर्ण सोसायटीसाठी सॉफ्टनर बसवण्याचा प्रस्ताव

सप्रेम नमस्कार,

पुढच्या बैठकीत सॉफ्टनरचा प्रस्ताव मंजुरीला येणार आहे. सॉफ्टनर बसवायला माझा विरोध नाही. बोरिंगच्या पाण्याने गीझरच्या कॉइल जळतात, शॉवरची भोकं बुजतात, हे घरोघरी चाललंय आणि त्यावर उपाय हवाच. माझा आक्षेप कोटेशनमधल्या एकाच ओळीला आहे. तिथे ‘आउटलेटला हार्डनेस शून्य’ असं वचन आहे आणि आपण ते गुण म्हणून वाचलंय. आपल्या ए आणि बी विंगमध्ये अजून जुने जीआय पाइप आहेत आणि गच्चीवरची टाकी सिमेंट काँक्रीटची आहे. त्यांना शून्य हार्डनेसचं पाणी मानवणार नाही. पिथमपूरच्या कारखान्यात कूलिंग टॉवरचं पाणी सांभाळण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे जरा तपशिलाने लिहितो.

आपल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. काही प्रमाणापर्यंत पाणी ते धरून ठेवतं. त्याहून जास्त झालं की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, बाहेर पडून पाइपला आणि कॉइलला चिकटते. उलट पाण्याची भूक बाकी असेल तर ते समोर येईल तिथून चुनखडी उचलतं. पाइपच्या आतला संरक्षक थर विरघळवतं, काँक्रीटमधला चुना ओढून घेतं आणि मग लोखंड उघडं पडतं. पाणी या दोन बाजूंपैकी कुठे आहे, हे ठरवायची रीत कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक लँगेलियर यांनी १९३६ साली मांडली. तिला लँगेलियर संपृक्तता निर्देशांक म्हणतात. पाण्याचा प्रत्यक्ष पीएच घ्यायचा आणि त्यातून, तेच पाणी चुनखडीने नेमकं तृप्त असतं तर जो पीएच आला असता, तो वजा करायचा. उत्तर अधिक आलं तर पाणी क्षार टाकणार, उणे आलं तर थर खाणार, शून्याच्या आसपास आलं तर बहुतेक गप्प राहणार.

```
LSI = pH - pHs
pHs = (9.3 + A + B) - (C + D)
A = (log10(TDS) - 1) / 10
B = -13.12 * log10(t + 273) + 34.55
C = log10(Ca) - 0.4
D = log10(ALK)
```

यात pHs म्हणजे तो तृप्त पाण्याचा पीएच, TDS म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, आणि t म्हणजे तापमान सेल्सियसमध्ये. Ca म्हणजे कॅल्शियम हार्डनेस आणि ALK म्हणजे एकूण अल्कलिनिटी. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, मिलिग्रॅम प्रति लिटर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

बी विंगच्या स्वयंपाकघरातल्या नळाला बोरिंगचंच पाणी येत होतं तेव्हाचे आकडे घेतो. टीडीएस ९००, कॅल्शियम हार्डनेस ३००, अल्कलिनिटी ३६०, पीएच ७.४, तापमान २८ अंश. A येतो ०.२०, B येतो २.०३, C येतो २.०८ आणि D येतो २.५६. तृप्त पीएच झाला ६.८९, म्हणून निर्देशांक +०.५. गार नळाला थोडा पांढरा साका धरतो, तो यामुळेच.

आता तेच पाणी गीझरमध्ये ६० अंशांवर नेऊ. बाकी सगळं तेच, फक्त B उतरून १.४६ होतो, आणि निर्देशांक सुमारे +१.१ वर जातो. साखर गरम चहात जास्त विरघळते. चुनखडीचं उलटं आहे, पाणी तापलं की ती बाहेर पडते. शिवाय तापताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. म्हणून एकाच बोरिंगच्या पाण्यावर वर्षानुवर्षं गार पाण्याचा पाइप ठीक राहतो आणि गीझरची कॉइल मात्र जाड खपलीखाली जाते. कॉइलची उष्णता खपलीमुळे पाण्यात उतरत नाही, ती आतच तापून जळते. गीझरमधून खदखद आवाज यायला लागला की समजावं, तळाशी क्षार बसलाय.

आता कोटेशनमधलं शून्य बघू. प्रत्यक्षात ५ मिलिग्रॅम कॅल्शियम हार्डनेस उरतो असं धरतो. सॉफ्टनरचं रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतं. अल्कलिनिटी आणि पीएच जवळपास तेच राहतात. C एकदम ०.३० वर येतो. तृप्त पीएच ८.६७ होतो आणि निर्देशांक −१.३. गीझरमध्ये ६० अंशांवरसुद्धा तो −०.७ च राहतो. म्हणजे गीझरचा त्रास संपला, पण २४ तास ज्या काँक्रीटच्या टाकीतून आणि जीआयच्या राइझरमधून हे पाणी उतरणार, तिथे ते सतत चुना शोधत राहणार. सी विंगमध्ये सीपीव्हीसी आहे, तिथल्या लोकांना काही जाणवणार नाही. ए आणि बीमध्ये सकाळी पहिलं पाणी तांबूस येऊ लागेल, आणि गळती आधी चुड्यांच्या जागी, म्हणजे आटे पाडलेल्या जोडांवर दिसेल. तिथे जस्ताचा मुलामा कापलेला असतो आणि पाइपची जाडीही कमी असते.

यावर उपाय महाग नाही. सॉफ्टनरला बायपास ठेवून थोडं कच्चं पाणी मऊ पाण्यात मिसळायचं. कॅल्शियम हार्डनेस ८० वर आणला तर C १.५० येतो आणि निर्देशांक २८ अंशांना −०.०७, म्हणजे जवळजवळ शून्य. गीझरमध्ये ६० अंशांना +०.५ होतो, आज गार नळाला जेवढा आहे तेवढाच. गीझर ५० अंशांवर ठेवला तर +०.३ वर भागतं. किती मिसळायचं? कच्च्यात ३००, मऊमध्ये ५, हवेत ८०. म्हणजे चारातलं एक माप कच्चं आणि तीन मापं मऊ. एकूण हार्डनेस कच्च्या पाण्याचा ५२० आहे, तो मिश्रणात १३५ च्या आसपास यायला हवा. प्लंबरने किटवर रोज पाहायचा आकडा हाच. रेझिन संपत आलं की मऊ बाजूचा हार्डनेस वर चढतो आणि मिश्रणाचाही. १६०-१७० दिसू लागला तर मिठाने रीजनरेशन करायची वेळ झाली. वॉल्व्ह एकदा लावून विसरून जाता येणार नाही, हे कंत्राटात लिहून घ्यावं.

आता रिपोर्टबद्दल, कारण इथेच हिशोब चुकतो. आपल्याकडे जो लॅब रिपोर्ट आहे त्यावर सगळं ‘मर्यादेत’ लिहिलंय आणि ते खरंही आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात हार्डनेस २०० पर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पण ती मर्यादा पिणाऱ्यासाठी आहे, पाइपचं काय होईल ते त्यातून कळत नाही. त्याच रिपोर्टमध्ये पीएच ७.९ दाखवलाय. आपण बाटली अर्धी रिकामी ठेवून दुसऱ्या दिवशी पोचवली. तेवढ्यात बोरिंगच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला आणि पीएच वर गेला. नळावर, कॅलिब्रेट केलेल्या मीटरने मी ७.४ मोजला. पीएचमधला हा अर्ध्याचा फरक निर्देशांकात तसाच्या तसा उतरतो, आणि +०.५ चं पाणी कागदावर +१.० होतं. म्हणून पीएच नळापाशीच, लगेच मोजावा. बाटली तोंडापर्यंत भरून, हवा न ठेवता, घट्ट बंद करून द्यावी.

रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. आपल्याला एकूण हार्डनेस नको, कॅल्शियम हार्डनेस हवा. माळव्याच्या काळ्या कातळातल्या पाण्यात मॅग्नेशियमही बरंच असतं, आणि हे सूत्र फक्त कॅल्शियमचं आहे. दुसरं, काही लॅब कॅल्शियम आयन म्हणून देतात. तिथे १२० लिहिलं असेल तर ते २.५ ने गुणून ३०० धरायचं.

या निर्देशांकाची मर्यादाही समितीसमोर ठेवतो, नाहीतर उद्या कोणी मलाच विचारेल. कल कुठल्या बाजूचा आहे एवढं तो सांगतो, किती मिलिमीटर क्षार बसेल किंवा पाइप किती वर्षांत झिजेल हे सांगत नाही. लोखंड गंजतं ते मुख्यतः पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे. क्लोराइड आणि सल्फेट जास्त असतील, किंवा जीआयला थेट पितळ जोडलं असेल, तर निर्देशांक शून्य असूनही गंज चढतो. संरक्षक थर नसला की त्या सगळ्याला वाट मोकळी होते, एवढंच तो दाखवतो. गीझरसाठी मी गार नळाचाच पीएच धरला आहे. तापल्यावर तो थोडा बदलतो, त्यामुळे तो आकडा अंदाजाचा आहे.

हिशोब पटत नसेल तर एक प्रयोग करता येतो. मिश्रणाच्या पाण्याची बाटली तोंडापर्यंत भरायची, त्यात शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट टाकून, बूच लावून हलवायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी गाळून अल्कलिनिटी मोजायची. आदल्या दिवसापेक्षा वाढली असेल तर पाणी उपाशी होतं. कमी झाली असेल तर ते क्षार टाकणारं होतं. तेवढीच राहिली तर वॉल्व्ह बरोबर लागलाय. यात कुठलंही सूत्र लागत नाही.

आपल्या खालच्या टाकीत नर्मदा लाइनचं पाणीही येतं, आणि त्याचं प्रमाण ऋतूनुसार बदलतं. दोन पाण्यांच्या निर्देशांकांची सरासरी काढून चालत नाही. मिश्रणाचे आकडे नव्याने मोजावे लागतात. एकदा मे महिन्यात, बोरिंगवर सगळा भार असताना, आणि एकदा पावसाळा संपल्यावर मोजलं तर वॉल्व्ह किती उघडायचा ते दोन्ही वेळचं कळेल. आणि पिण्यासाठी नर्मदेचा वेगळा नळ आहे तो सॉफ्टनरमधून नेऊ नये. रेझिन सोडियम सोडतं आणि आपल्याकडे रक्तदाबाची पथ्यं पाळणारे वडीलधारे बरेच आहेत.

तेव्हा विनंती अशी, की मंजुरी देताना ‘शून्य हार्डनेस’ ही अट काढून ‘बायपाससह, मिश्रणाचा एकूण हार्डनेस १२० ते १५०’ अशी अट घालावी, आणि पैसे चुकते करण्यापूर्वी बी विंगच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या नळांवर निर्देशांक काढून बघावा. बायपासचा पाइप आणि वॉल्व्ह कोटेशनमध्ये धरलेला नाही, तो पुरवठादाराकडून आत्ताच लिहून घ्यावा. मीटर आणि हार्डनेस किट माझ्याकडे आहे. सॅम्पल काढायला प्लंबर कोणत्या दिवशी येणार ते कळवावं, मी सकाळी नऊपर्यंत घरीच असतो.

आपला,
एक सभासद, बी विंग