दोन जिल्ह्यांतील तफावत टक्क्यांत कशी सांगावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणाऱ्या बातम्यांत 'अमुक जिल्हा तमुकपेक्षा इतके टक्के पुढे' असे लिहिलेले असते. परंतु ते टक्के कोणत्या जिल्ह्याच्या आकड्यावर काढले, हे बहुधा सांगितलेले नसते. तेच दोन आकडे घेऊनही दोन ठिकाणी दोन उत्तरे येतात आणि दोन्ही हिशेब बरोबर असतात. या गोंधळाला एक साधा उपाय आहे. तो उदाहरणासह मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आणि पुणे जिल्ह्याची ९४,२९,४०८ होती. (यातले ठाणे म्हणजे पालघर वेगळा होण्यापूर्वीचा अखंड जिल्हा.) दोहोंतील फरक १६,३०,७४० इतका येतो. हा फरक पुण्याच्या लोकसंख्येने भागला तर ठाणे पुण्यापेक्षा १७.३ टक्क्यांनी मोठे ठरते. ठाण्याच्या लोकसंख्येने भागला तर पुणे ठाण्यापेक्षा १४.७ टक्क्यांनीच लहान ठरते. फरक तोच आहे, छेद मात्र बदलला. 'पेक्षा' हा शब्द ज्या जिल्ह्याला जोडला आहे, त्याचा आकडा छेदात आहे हे वाचकाने ओळखावे, अशी अपेक्षा असते. मथळ्यात नुसते 'ठाणे-पुणे यांत १७ टक्क्यांची तफावत' असे छापले की ती खूणही उरत नाही. शिवाय ज्याला तफावत मोठी दाखवायची आहे तो लहान आकडा पाया म्हणून निवडतो आणि झाकायची आहे तो मोठा.

ठाणे आणि पुणे यांपैकी कोणीही दुसऱ्याची सुरुवात नाही. अशा वेळी फरकाला दोन आकड्यांच्या सरासरीने भागावे. येथे सरासरी १,०२,४४,७७८ येते आणि उत्तर १५.९ टक्के. ठाणे आधी घ्या वा पुणे, ते बदलत नाही. म्हणून या रीतीला सममित टक्केवारी म्हणता येईल. त्यात कोण मोठे हे मात्र कळत नाही, ते शब्दांत वेगळे लिहावे लागते. तसेच पुण्याच्या आकड्यात १५.९ टक्के मिळवून ठाण्याचा आकडा मिळेल, असे समजू नये. तो मिळवायचा असेल तर २१५.९ ला १८४.१ ने भागून येणाऱ्या सुमारे १.१७३ या गुणोत्तराने पुण्याच्या लोकसंख्येला गुणावे लागते.

ही रीत सरसकट वापरणेही चुकीचेच. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८१,३१,८४९ होती. दहा वर्षांतील वाढ सांगताना २००१ चा आकडा हाच पाया, कारण काळाने तो आधी आहे, आणि वाढ ३६ टक्के. तेथे सरासरीने भागले तर ३०.५ टक्के येतात आणि खरी वाढ उगाच कमी दिसते.

आकडे एकमेकांपासून फार लांब असले, तर या रीतीची धार बोथट होते. सिंधुदुर्गाची २०११ ची लोकसंख्या ८,४९,६५१. पुण्याशी तिची सममित तफावत सुमारे १६७ टक्के भरते. दोन्ही आकडे धन असतील तर ही टक्केवारी २०० च्या पलीकडे कधीच जाऊ शकत नाही, आणि ही मर्यादा ठाऊक नसलेल्या वाचकाला १६७ वरून काहीच अंदाज येणार नाही. तेथे 'पुण्याची लोकसंख्या सिंधुदुर्गाच्या अकरा पट' हे साधे वाक्य कितीतरी बरे.

तापमानाच्या बातम्यांत तर टक्केवारी, सममित असो वा नसो, वापरूच नये. २० आणि ४० अंश सेल्सिअस यांची सममित तफावत ६६.७ टक्के येते. तीच तापमाने फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ होतात आणि तफावत ४१.९ टक्क्यांवर उतरते. या मोजपट्ट्यांतील शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे, ते सोयीसाठी ठरवलेले आहे; म्हणून पट्टी बदलताच टक्के बदलतात. तेथे '२० अंशांचा फरक' एवढेच लिहिणे योग्य.

दोन जिल्हे, दोन शहरे किंवा एकाच नमुन्याची दोन प्रयोगशाळांनी केलेली मोजणी यांची तुलना छापताना आपल्या वार्ताहरांनी 'दोहोंच्या सरासरीच्या मानाने १५.९ टक्के तफावत. ठाणे मोठे' अशा धर्तीवर लिहावे आणि शेजारी मूळ दोन्ही आकडे द्यावेत, अशी विनंती आहे. जागा कमी असेल तर टक्के गाळावेत, आकडे गाळू नयेत.

आपली,
सांख्यिकीची एक निवृत्त अध्यापिका, पुणे