किल्ली हरवली, लॉक नाही: विनाकारण बदललेल्या लॉकबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: पिना बदलण्याऐवजी पूर्ण लॉक बदलणे व दरवाज्याचे नुकसान

महोदय,

कोथरूडमधला माझा फ्लॅट भाडेकरूंनी गेल्या महिन्यात सोडला. तीन किल्ल्यांपैकी दोनच परत मिळाल्या. तिसरी स्वयंपाकाच्या मावशींकडे राहिली की वॉचमनकडे, हे त्यांनाही आठवेना. माणसं सज्जन होती, पण बाहेर फिरणाऱ्या किल्लीवर नवे भाडेकरू ठेवणं मला पटेना. म्हणून आपल्या ॲपवर 'पिना बदलणे' ही सेवा ४५० रुपयांना नोंदवली.

आलेल्या कारागिराने लॉक न उघडताच सांगितलं, "मॅडम, पिना बदलून काही होत नाही, पूर्ण सेटच टाकावा लागेल." मी विश्वास ठेवला. बिल झालं ४,८५० रुपये. शिवाय नव्या लॉकमध्ये कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतर जुन्यापेक्षा १५ मिमी जास्त, त्यामुळे सागवानी दार पटाशीने कोरावं लागलं. जुनं भोक नव्या पट्टीच्या बाजूला अजून अर्धं दिसतं.

जुनं लॉक मी ठेवून घेतलं होतं. ते नाक्यावरच्या चावीवाल्याकडे नेलं. त्यांनी सिलिंडर उघडून दाखवला. आत सहा लहान पितळी पिना, प्रत्येकीची उंची वेगळी. योग्य किल्ली घातली की सगळ्यांची टोकं एका रेषेत येतात आणि सिलिंडरचा गाभा फिरतो. त्यांनी नव्या किल्लीच्या खाचांप्रमाणे चार पिना बदलल्या. जुनी किल्ली आत गेली, पण फिरली नाही. वीस मिनिटं, चारशे रुपये. (काही जण पिना बदलण्याऐवजी नुसत्या काढून टाकतात. मग नवीसोबत जुनी किल्लीही चालते. म्हणून काम झाल्यावर जुनी किल्ली लावून बघायचीच, असं त्यांनी बजावलं.)

पिना बदलायच्या नव्हत्या, तरी निव्वळ सिलिंडर बदलता आला असता. दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढून किल्ली थोडी फिरवली की तो बाहेर सरकतो. नवा त्याच मापाचा आणला की दाराला हातही लागत नाही. बोल्ट अडकत असता, गाभा झिजला असता किंवा कोणी लॉक फोडलं असतं, तर पूर्ण सेट घ्यायला मी तयार होते. पण आपल्या कारागिराच्या कामाच्या नोंदीतच 'लॉक सुस्थितीत' असं लिहिलं आहे! मग बदललं कशासाठी?

माझ्या मागण्या अशा: ४५० रुपये वजा करून उरलेले ४,४०० परत करावेत, नवं लॉक आपण काढून न्यावं, दार सुताराकडून दुरुस्त करून जुनं लॉक पुन्हा बसवून द्यावं. दोन्ही लॉकचे व दाराचे फोटो, बिल आणि नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन.

आपली ग्राहक,
फ्लॅटमालक, कोथरूड, पुणे