आत्याला लिहायचं पत्र

वेर्णा, गोवा
रविवार रात्र

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

आज दुपारी बॅग भरताना तुझ्या चित्रकलेच्या वहीतली दोन फाडलेली पानं माझ्या शर्टांत आली. चुकून आली की तूच सरकवलीस, ते विचारत नाही. बसमध्ये वाचली. आत्यानं वाढदिवसाला शिवून दिलेल्या परकर-पोलक्याबद्दल दोन्ही पानांवर तिला पत्र सुरू केलंय आणि दोन्ही अर्ध्यात सोडलीयत.

पहिल्या पानावर तू लिहिलंस, "परकर छान आहे खरं मला स्केटिंगचे बूट पाहिजे होते." ते गिरगटून टाकलंस, तरी उजेडात धरलं की दिसतं. दुसऱ्यावर आहे, "ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि. तू दिलेली भेट मला फार फार आवडली. मी ती रोज घालीन. धन्यवाद." त्याच्याखाली पेनानं भोक पाडलंयस. म्हणजे खरं लिहिलं ते खोडलंस, खोटं लिहिलं त्याचा राग आला, आणि अडलीस. आई फोनवर सांगत होती की चार दिवस झाले, पत्राचं नाव काढलं की तू गच्चीवर जातेस.

आधी दुसरं पान घेऊ, कारण तसलं पत्र मी लिहिलेलं आहे. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा माझ्या मामानं मला सफारी शिवून पाठवली होती. रंग चिखलाचा, कॉलर एवढी मोठी की कानाला लागायची. आजीनं शेजारी बसून पत्र लिहून घेतलं, "सफारी फार आवडली." मामाला काय वाईट वाटणार? पुढच्या दिवाळीला त्यानं त्याच कापडाची एक माप मोठी सफारी पाठवली. त्याच्या पुढच्या दिवाळीला आणखी एक. माझी मुंज, शाळेचं गॅदरिंग, सगळ्या फोटोंत मी चिखलाच्या रंगात उभा आहे. मामाची चूक नव्हती. मीच त्याला लेखी कळवलं होतं.

आणि "रोज घालीन" हे तर लिहूच नकोस. आत्या गणपतीला खानापूरला येणारच. आल्या आल्या विचारेल, "परकर कुठाय गं?" मग तू कपाटाकडे बघणार आणि आई माझ्याकडे.

खोटं पत्र ओळखायची एक सोपी युक्ती आहे. "भेट" या शब्दावर बोट ठेव आणि वाच. बोटाखाली कंपासपेटी असली, पाण्याची बाटली असली, तरी ते पत्र चालतंय का? तुझं चालतंय. म्हणजे ते आत्याला लिहिलेलं नाहीच, कुणालाही लिहिलेलं आहे. शिवाय "फार" दोनदा आलं की मोठी माणसं ओळखतात. आवडलेल्या वस्तूबद्दल माणूस "फार फार" म्हणत नाही, तो त्या वस्तूबद्दल बोलत सुटतो. तुझ्या सायकलीबद्दल तू अर्धा तास बोलली होतीस, "आवडली" हा शब्द एकदाही न वापरता.

आता पहिलं पान. त्यात सगळा घोळ "खरं" या शब्दाचा आहे. आपल्याकडे "खरं" म्हणजे "पण". इथं माझ्या शेजारी एक पुण्याचा मुलगा राहतो. त्याला मी म्हटलं, "येतो खरं उशीर होईल," तर तो बिचारा "खरं येतोय म्हणे" असं समजून जेवायला थांबून राहिला. आत्या निपाणीची, तिला आपलं "खरं" बरोबर कळणार. "परकर छान आहे खरं" एवढं वाचलं की तिला पुढचं वाचायचीही गरज नाही. कौतुकाच्या मागे "खरं" आलं की ते कौतुक पुसलं जातं. म्हणून या पत्रात "खरं" नको, "पण" नको, आणि बूटही नकोत. बूट हवे होते हे पाप नाही. तो विषय या पत्राचा नाही, एवढंच. पुढच्या वर्षी आत्या विचारेल, "काय आणू?" तेव्हा सरळ "स्केटिंगचे बूट, आणि आधी पायाचं माप घे" म्हणून सांग.

मग लिहायचं काय? परकर आवडला नाही आणि खोटंही नको, तर उरलं काय, असं तुला वाटत असेल. बरंच उरलंय. तू तो नीट बघितलाच नाहीस. वाढदिवसाला तू कागद फाडलास, जांभळा खण दिसला, तुझा चेहरा पडला आणि तू घडी तशीच खुर्चीवर ठेवलीस. आत्या म्हणाली, "जरा घालून बघ बघू. कमी-जास्त असलं तर इथंच उसवून देतो." तू "नंतर" म्हणालीस. मी तुझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होतो. तिनं पिशवीतून कात्री आणि जांभळ्या दोऱ्याचं रीळ काढून मांडीवर ठेवलं होतं. ते तिनं हळूच परत आत टाकलं.

रागावत नाहीये. आईनं मला एकदा सांगितलं होतं, डी.एड.ला त्यांना शिकवलं होतं. 1984 साली कॅरोलिन सार्नी नावाच्या बाईंनी मुलांना आधी आवडेल असं काहीतरी दिलं आणि पुढच्या वेळी तान्ह्या बाळाचं खेळणं, आणि त्यांचे चेहरे टिपले. तुझ्याएवढी मुलं, त्यातही मुली, लहानांपेक्षा जास्त हसून साजरं करत होत्या. मला ते मुलींचं ऐकून बरं नाही वाटलं. तू मुलगी म्हणून हसायला हवं होतंस, असं माझं म्हणणं नाही. दादानं गेल्या वर्षी स्वेटर बघून तोंड वाकडं केलं तेव्हा त्याला कुणी काही बोललं नाही, आणि ते चुकलं. चेहरा पडतो, तो आपल्या हातात नसतो. पत्र मात्र चार दिवसांनी लिहितात, तोवर बघायला वेळ मिळतो.

तर उद्या शाळेतून आलीस की परकर पलंगावर उलटा करून पसर. उलटाच. सुलटा सगळ्यांनी बघितला.

खणाचा पन्हा अरुंद असतो, मुळात तो चोळीसाठी विणतात. त्यातून तुझ्या मापाचा घेरदार परकर काढायचा तर तुकडे जोडावे लागतात. ते जोड शोध. मला काल दोन सापडले, तेही बोटानं चाचपल्यावर, कारण खणावरची बारीक नक्षी जोडावर तुटलेलीच नाही, या तुकड्यातली ओळ त्या तुकड्यात सरळ पुढे गेलीय. तुझ्या वहीत दोन पानांवर एक चित्र जोडायला तुला किती त्रास होतो, आठव. मग पोलक्याचा गळा बघ. खण टोचतो, तू नेहमी तक्रार करतेस. आतून मऊ सुती अस्तर लावलंय, आणि ते आत्याच्या जुन्या निळ्या साडीचं आहे. तीच, जिच्या पदराला तू लहानपणी तोंड पुसायचीस. मग खाली दुमड बघ, चांगली चार बोटं आहे. आणि पोलक्याच्या दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवलंय, तू वाढलीस की उसवून मोठं करता यावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात काय म्हणतात माहिताय? माया. "दोन्हीकडं इंचभर माया सोडलीया," असं आत्या जाताना आईला सांगत होती.

यातलं जे तुला खरोखर दिसेल ते एक लिही. तीन नको, एकच. उदाहरणार्थ, "मी परकर उलटा करून बघितला, मला जोड सापडलाच नाही, तू नक्षी कशी जुळवलीस?" यात आवडला की नाही हे आलंच नाही, आणि एक शब्द खोटा नाही. शेवटी प्रश्न असला की आत्याला उत्तर द्यायला काहीतरी राहतं. "आवडली" याला काय उत्तर देणार ती? "बरं" म्हणेल. आणि खरंच विचारावंसं वाटलं तरच विचार, ती चार पानी उत्तर पाठवेल.

त्या दिवशी घालून बघितला नाहीस ते मनाला लागलं असेल तर तेही एका ओळीत लिही. नसेल लागलं तर नको. मी सांगितलं म्हणून लिहिलेली माफी मामाच्या सफारीसारखी असते.

"धन्यवाद" काढून टाक. दुकानदाराला धन्यवाद म्हणतात, आत्याला नाही. ती वाचून घाबरेल, म्हणेल पोरगी रुसली काय. वरचं "ती. स्व." राहू दे, ते शाळेत बरोबर शिकवलंय, तीर्थरूप आई-वडिलांना आणि तीर्थस्वरूप बाकी वडीलधाऱ्यांना. "सा. न. वि. वि." मात्र तू आत्याला कधी तोंडानं म्हणालीस का? "नमस्कार" लिही.

पोस्टकार्डावर लिहू नकोस. निपाणीत पोस्टमन ते आत्याच्या सासूबाईंच्या हातात देतो आणि त्या ओसरीवर मोठ्यानं वाचतात. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात निळी आंतरदेशीय पत्रं आहेत, अडीच रुपयेवाली. त्यात जागा बेताची असते, पाच-सहा ओळी पुरतात. पत्ता मराठीत लिहिलास तरी पोचतं, पिनकोड तेवढा नीट लिही, 591237.

आणि आत्यानं गणपतीत तोंडावरच विचारलं, "तुला आवडला नव्हता ना गं?", तर नाही-नाही म्हणत बसू नकोस. ती माझी बहीण आहे, तिला कळतं. "मला बूट हवे होते म्हणून हिरमुसले होते," एवढं सांग. ती हसेल बहुतेक. परकर त्या दिवशी घालायचा की नाही, ते तुझं तू ठरव, आईलाही मी तसं सांगितलंय.

दोन्ही पानं यासोबत परत पाठवतोय. भोक पडलेलं पान ठेवायचं तर ठेव, नाहीतर फाडून टाक.

नवीन पत्र लिहिलंस की मला दाखवू नकोस. चिकटव आणि स्टँडजवळच्या पेटीत टाक, पेटी चार वाजता उघडतात.

तुझे,
पप्पा