तुमच्या काट्याच्या फाईलीत तारीख-महिना उलटतो, आणि आमच्या कास्तकाराचा चुकारा अडकतो

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
काटा-पावती सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी

विषय : सीएसव्ही फाईलमधल्या तारखांची अदलाबदल, तिसरी तक्रार

नमस्कार,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघते. आमच्याकडं कापसाची खरेदी होते, गाडी काट्यावर चढते, तुमच्या सॉफ्टवेअरमधून पावती निघते, आणि दर शनिवारी संध्याकाळी मी त्या आठवड्याची सीएसव्ही फाईल काढून एक्सेलमध्ये घेते. पावतीच्या तारखेत १५ दिवस मिळवले की चुकाऱ्याची तारीख निघते आणि त्या यादीवरून आम्ही बँकेत पैसे टाकतो. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. ऑक्टोबरच्या शेवटी तुमचं नवीन अपडेट आलं आणि तिथून गडबड सुरू झाली. याच्या आधी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा उत्तर मिळालं की "मॅडम, सेलचा फॉरमॅट बदला". तो बदलून काही होत नाही, का होत नाही ते आता सगळं लिहून देते, नीट वाचा.

२९ जानेवारीला आमच्या ऑफिसात एक म्हातारी कास्तकार बाई आली. हातात पावती, घडी पडून मऊ झालेली, त्यावर तारीख ०८-०१-२०२५. तिचा चुकारा २३ जानेवारीला व्हायला पाहिजे होता, झाला नव्हता. ती काही भांडली नाही, एवढंच म्हणाली, "पोरी, माया शेजारनीचे आले, माये काऊन नाही आले?" शेजारणीची पावती १३ जानेवारीची होती आणि पैसे पाच दिवस उशिरा ठरलेले असून तिला आधी मिळाले. मी शीट उघडली तर बाईच्या नावापुढं 01-08-2025, आणि चुकाऱ्याची तारीख 16-08-2025. म्हणजे शीटच्या हिशोबानं तिचे पैसे ऑगस्टमध्ये द्यायचे होते. पोळ्याच्या आसपास! त्या आठवड्यात म्हणजे ६ ते ११ जानेवारीला ज्यांनी ज्यांनी कापूस आणला त्या सगळ्यांचं असंच झालेलं, कोणी जूनमध्ये कोणी सप्टेंबरमध्ये, ११ तारखेवाले तर थेट नोव्हेंबरमध्ये गेले.

मग मी तुमची मूळ फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तेव्हा कारण सापडलं. अपडेटच्या आधी तुमची फाईल आपल्याकडच्यासारखी आधी दिवस मग महिना अशी यायची. आता ती अमेरिकेच्या पद्धतीनं येते, आधी महिना मग दिवस, म्हणजे ८ जानेवारी हे `01/08/2025` असं. काट्यावरची छापील पावती मात्र अजूनही आपल्या पद्धतीचीच निघते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या कॉम्प्युटरचं विंडोजचं रीजन इंडिया आहे. सीएसव्ही फाईलला डबल क्लिक केलं की एक्सेल त्या रीजनवरून ठरवतं दिवस कुठला महिना कुठला, त्यामुळं त्यानं `01/08` ला १ ऑगस्ट मानलं. फाईलमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं की ही तारीख कोणत्या पद्धतीची आहे, ती नुसती अक्षरं असतात.

आता तुमच्या "सेलचा फॉरमॅट बदला" बद्दल. एक्सेल एकदा तारीख समजून घेतलं की आत एक आकडा ठेवतं. ८ जानेवारी २०२५ म्हणजे 45665, आणि १ ऑगस्ट २०२५ म्हणजे 45870. आमच्या शीटमध्ये आत 45870 जाऊन बसलाय. फॉरमॅट बदलला तर तोच आकडा वेगळ्या कपड्यात दिसेल, 08/01/2025 असाही दिसेल आणि बघणाऱ्याला वाटेल झालं बरोबर, पण त्यात १५ मिळवले की ऑगस्टच येणार. उलट जास्त धोका, कारण दिसायला बरोबर आणि आत चूक.

तुम्ही विचाराल, नोव्हेंबरपासून चालू आहे तर इतके दिवस कळलं कसं नाही. तेच तर खरं दुखणं आहे. तारीख १२ च्या वर असली की `11/13/2024` मध्ये तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल त्याला तारीख मानतच नाही, तसाच मजकूर ठेवतं, तो सेलमध्ये डावीकडं चिकटतो आणि १५ मिळवले की `#VALUE!` येतं. ते आम्हाला दिसायचं, आम्ही पावती बघून हातानं दुरुस्त करायचो, वाटायचं नवीन अपडेट आहे, होईल सुधार. शेजारणीची १३ तारीख अशीच हातानं टाकलेली, म्हणून तिचे पैसे आले. पण १ ते १२ तारखांना काहीच एरर येत नाही, तारीख व्यवस्थित उजवीकडं बसते आणि गुपचूप उलटते. फक्त दिवस आणि महिना सारखाच असेल, जसं ११ नोव्हेंबर, १२ डिसेंबर, तेवढीच वाचते. ६ ते ११ जानेवारीच्या फाईलमध्ये तर १२ च्या वरची एकही तारीख नव्हती, म्हणून एक पण एरर नाही, सगळं स्वच्छ, आणि सगळं चूक. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या बारा दिवसांतल्या बहुतेक तारखा उलटून मागं गेल्या होत्या, ५ नोव्हेंबर ११ मे झाली, त्यामुळं त्या थकीत म्हणून वर यायच्या आणि त्यांचे पैसे उलट लवकरच गेले, कोणी तक्रार करायला आलं नाही. जानेवारीच्या पुढं गेल्या, म्हणून अडकल्या.

खात्री करायला मी ३० तारखेला पूर्ण सीझनची फाईल नव्यानं काढली, हात न लावता उघडली आणि नोव्हेंबर २०२४ ची बेरीज लावली. काट्याच्या रजिस्टरप्रमाणं नोव्हेंबरची खरेदी ४१२ क्विंटल आहे. शीटनं दाखवली ३१ क्विंटल. ते ३१ कुठून आले ते पण शोधलं: १४ क्विंटल २० किलो ११ नोव्हेंबरचे, ते खरे, आणि १६ क्विंटल ८० किलो जे १२ नोव्हेंबरला दिसत होते ते मुळात ११ डिसेंबरचे. बाकी नोव्हेंबर एक तर इतर महिन्यांत विखुरला होता, नाही तर मजकूर म्हणून बेरजेतच धरला नव्हता. हीच बेरीज घेऊन आम्ही जिनिंगवाल्याशी किंवा ऑडिटरशी बोललो असतो तर काय उत्तर दिलं असतं सांगा.

सध्या मी मूळ फाईल परत घेऊन काम भागवते. डबल क्लिक करत नाही, रिकाम्या शीटमध्ये `Data` मधून `From Text/CSV` घेते, `Transform Data` करते, तारखेच्या कॉलमवर राईट क्लिक करून `Change Type` मध्ये `Using Locale` आणि तिथं `Date` व `English (United States)` निवडते, विचारलं तर `Replace current` म्हणते. मग तारखा बरोबर येतात. आधीच डबल क्लिकनं उघडलेली पण हात न लावलेली शीट असेल तर शेजारच्या कॉलममध्ये हे चालतं:

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
DATE(RIGHT(A2,4),LEFT(A2,2),MID(A2,4,2)))
```

पण हे आमच्या जुन्या आठवड्यांच्या शीटवर चालवता येत नाही, कारण तिथं १२ च्या वरच्या तारखा आम्ही हातानं नीट केल्यात. हा फॉर्म्युला त्यांनाही उलटवतो आणि एरर पण देत नाही, १३ नोव्हेंबर २०२४ चा "तेरावा महिना" धरून ११ जानेवारी २०२५ करून टाकतो. मी स्वतः करून बघितलं आणि छातीत धस्स झालं. म्हणून तीन महिन्यांच्या पावत्या एकेक करून मूळ फाईलशी जुळवत बसलेय, रात्री लाईट गेली की मोबाईलच्या उजेडात.

दुसऱ्या फोनवर तुमच्या माणसानं सांगितलं की विंडोजचं रीजन अमेरिका करून टाका. ते केलं तर तुमची फाईल नीट उघडेल, पण बँकेचं स्टेटमेंट आणि खतवाल्याची बिलं, जी आपल्या पद्धतीची असतात, ती सगळी उलटतील. एका फाईलसाठी बाकीचं घर पाडायचं का? आम्ही ते करणार नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सीएसव्हीमध्ये तारीख `2025-01-08` अशी द्या, आधी वर्ष मग महिना मग दिवस. ही पद्धत आयएसओ ८६०१ ची आहे, यात दिवस-महिन्याचा घोळ होत नाही, एक्सेलचं रीजन इंडिया असो की अमेरिका ते बरोबरच वाचतं. तुमच्या बाजूला ही एका सेटिंगची गोष्ट असावी, अपडेटमध्ये जशी उलटली तशी सरळ पण करता येईल. दुसरं, अपडेटनंतरच्या आमच्या सगळ्या फाईली याच पद्धतीनं काढून पाठवा, म्हणजे मला पावत्या जुळवणं सोपं जाईल. आणि ज्या ज्या काट्यावर हे अपडेट गेलंय त्या सगळ्यांना मराठीत मेसेज पाठवून कळवा की १ ते १२ तारखांच्या नोंदी तपासा, कारण एरर येत नाही म्हणजे त्यांना अजून माहीतच नसेल. तपासायला तारखेचा फॉरमॅट `dd-mmm-yyyy` करायला सांगा, महिन्याचं नाव अक्षरात आलं की जानेवारीच्या यादीत `Aug` लगेच डोळ्यात भरतं. फॉरमॅटनं दुरुस्ती होत नाही, त्याचा उपयोग आहे तो एवढाच.

त्या आठवड्याचे अडकलेले चुकारे आम्ही ३१ जानेवारीला संचालकांना सांगून एकदम काढले. म्हातारीचे पण गेले. तिला आठ दिवस उशीर झाला, त्यात तिनं कृषी केंद्रवाल्याची उधारी द्यायची होती आणि तिला तिथं दोनदा शब्द ऐकावे लागले. तिची माफी आम्ही मागितली. चूक तुमच्या फाईलीची होती, हे तुम्ही आमच्या कंपनीच्या नावानं लेखी द्या, ते मी नोटीस बोर्डावर लावणार आहे, म्हणजे कास्तकारांना कळेल की त्यांचे पैसे कोणी मुद्दाम अडवले नव्हते.

मूळ सीएसव्ही, उलटलेली शीट आणि पावतीचा फोटो (बाईचं नाव झाकून) सोबत जोडलाय. येत्या शनिवारी पुढची फाईल काढायची आहे, त्याच्या आधी उत्तर द्या.

आपली,
कॉम्प्युटर ऑपरेटर,
शेतकरी उत्पादक कंपनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ