हिरव्या-पिवळ्या रंगपट्ट्यांमधला सांधा तुटल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या आवृत्तीत रंगवार ह्यू, सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्सचे स्लायडर चुकीचे चालत असल्याबाबत

महोदय,

मी गुहागरला राहतो आणि इथल्या घरगुती निवासांसाठी निसर्गाचे फोटो काढून देतो. तुमच्या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरचा मी वार्षिक वर्गणीदार आहे. गेल्या महिन्यातल्या अपडेटपासून पावसाळ्यातल्या माझ्या फोटोंमधली हिरवळ बिघडते आहे. ‘जेपेगचा दर्जा कमी असेल’ असं उत्तर तुमच्याकडून आलं, पण मी सगळं काम रॉ फाइलवर करतो. तीच फाइल माझ्या जुन्या लॅपटॉपवर, जिथे अपडेट घेतलेलं नाही, व्यवस्थित दिसते. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

फोटो ऑगस्टमधला आहे. पुढे लावणी होऊन गेलेली भातखाचरं, मधे जांभ्याचा गडगा, मागे आंब्याची कलमं आणि माड. डोळ्यांना हे सगळं हिरवं दिसतं, पण कोवळं भात हिरव्यासोबत लाल प्रकाशही बराच परावर्तित करतं. त्यामुळे त्याचा मोठा भाग तुमच्या पिवळ्या स्लायडरच्या ताब्यात असतो. कलमांचं पान जून आणि तुकतुकीत. त्यावर ढगाळ आभाळाची चकाकी येते, म्हणून ते थंड, निळसर हिरव्याकडे झुकतं. भात लिंबासारखं पिवळट होऊ नये म्हणून मी पिवळ्याचा ह्यू +२५ करतो, सॅच्युरेशन −१८ आणि ल्युमिनन्स −८. हिरव्याचा ह्यू तसाच ठेवतो, पण कलमांची सावली काळीठिक्कर होऊ नये म्हणून त्याचा ल्युमिनन्स +१२ करतो. याहून पुढे मी जात नाही, कारण पिवळा जास्त ओढला की वाळकं गवत, किनाऱ्यावरची वाळू आणि खाचरात उभ्या माणसाची कातडीसुद्धा हिरवी पडायला लागते.

जुन्या आवृत्तीत या आकड्यांवर भात पोपटी राहायचं आणि कलमं गडद हिरवी. नव्या आवृत्तीत भाताचं पातं शंभर टक्क्यांवर मोठं करून पाहा. एकाच पात्यावर उजळ आणि गडद ठिपक्यांची खरवड दिसते. माडाच्या झावळीत मधल्या शिरेच्या एका बाजूचा रंग बदललेला आणि दुसऱ्या बाजूचा जिथल्या तिथे.

कारण शोधायला मी पिवळ्याचं सॅच्युरेशन −१०० केलं. कोणता भाग कोणत्या स्लायडरखाली येतो हे त्याने लगेच कळतं. जुन्या आवृत्तीत पातं टोकाकडून बुडख्याकडे हळूहळू करडं होत जातं. नव्यात करड्याची कडा कात्रीने कापल्यासारखी आहे. मग पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत सलग बदलत जाणारी रंगपट्टी तयार करून तीही तपासली. रंगचक्रावर पिवळा ६० अंशांवर आणि हिरवा १२० अंशांवर असतो. मधल्या ९० अंशांच्या आसपासच्या रंगावर दोन्ही स्लायडरचा थोडाथोडा अंमल असायला हवा. नव्या आवृत्तीत तिथे सरळ पायरी पडते : अलीकडचा रंग पूर्ण पिवळ्याचा, पलीकडचा पूर्ण हिरव्याचा. भाताच्या पात्यावर शेजारशेजारचे पिक्सेल ८८ आणि ९२ अंशांवर असणं अगदी नेहमीचं आहे. त्यातला एक −८ ने काळवंडतो आणि दुसरा +१२ ने उजळतो, म्हणून ती खरवड.

दोन्ही स्लायडर सारखे ठेवले की ठिपके जातात, हे मीही करून पाहिलं. पण मग भात आणि कलमं एकाच सुरात हलतात आणि रंगवार स्लायडर असण्याचा उपयोगच उरत नाही. कोकणातल्या पावसाळी फोटोत हिरव्याच्या छटा हाच खरा ऐवज असतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे, पूर्वी पूर्ण करून ठेवलेले फोटोही नव्या आवृत्तीत उघडताच आपोआप नव्या पद्धतीने दिसू लागले. मला न विचारता. एका निवासाच्या दिनदर्शिकेसाठी पसंत झालेला फोटो मी पुन्हा निर्यात केला, तर गडग्यावरचं शेवाळ चट्ट्याचट्ट्यांचं झालेलं होतं. छपाईआधी लक्षात आलं म्हणून निभावलं.

तरी दोन रंगांमधली सरमिसळ पूर्ववत करावी. जुन्या फोटोंवर जुनीच प्रक्रिया राहावी आणि ती बदलायची असेल तर आधी माझी परवानगी विचारली जावी. दुरुस्ती होईपर्यंत मागची आवृत्ती उतरवून घेण्याची सोय द्या. ती देता येत नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा.

मूळ रॉ फाइल, वरचे सगळे आकडे, रंगपट्टी आणि दोन्ही आवृत्त्यांतले स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. उत्तर देण्याआधी तुमच्या तंत्रज्ञाने ती रंगपट्टी एकदा स्वतः उघडून पाहावी, ही विनंती.

आपला,
एक वर्गणीदार ग्राहक
गुहागर, जि. रत्नागिरी