आरओ प्लँटआधी टाकीचा कॉक बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या एका उपनगरातल्या सोसायटीच्या पाण्याचा अहवाल आमच्या प्रयोगशाळेतून नुकताच गेला. त्यातले आकडे बघून सोसायटीत बरीच धास्ती पसरली आहे आणि येत्या सभेत मोठा आरओ प्लँट बसवायचा ठराव येणार आहे. नमुने मी तपासलेत. सभेत बोलायला मला कुणी बोलावणार नाही, म्हणून तिथल्या चेअरमन, सेक्रेटरी आणि सभासदांसाठी हे लिहितोय. बोअर आणि म्युनिसिपालटीचं पाणी एकाच टाकीत सोडणाऱ्या सोसायट्या शहरात पुष्कळ आहेत, त्यांनाही ते लागू पडेल.

सोसायटीनं आधी स्वयंपाकघरातल्या नळाची एकच बाटली आणली होती. एका बाटलीवरून पाणी जड आहे एवढं कळतं, ते कशामुळे जड झालं हे कळत नाही. म्हणून तीन नमुने मागवले: म्युनिसिपालटीचं पाणी टाकीत पडतं तिथला, बोअर दहा मिनिटं चालू ठेवून घेतलेला, आणि टाकीतला. कठीणपणा, म्हणजे हार्डनेस, लिटरला मिलिग्रॅममध्ये असा निघाला: म्युनिसिपालटी ६०, बोअर ५२०, टाकी ३८०. विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, अनुक्रमे ११०, ९८० आणि ७२०.

हे दोन आकडे एकच नव्हेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. कठीणपणा म्हणजे फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यासाठी आम्ही ५० मिलि पाणी घेतो, त्यात बफर आणि चिमूटभर रंगद्रव्य घालतो. पाणी तांबडं होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीए या रसायनाचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. शेवटी शेवटी तांबड्यात जांभळी झाक येते आणि एका थेंबाला सगळं स्वच्छ निळं होतं. टाकीच्या नमुन्याला १९ मिलि लागलं. आमच्या द्रावणाचा एक मिलि म्हणजे एक मिलिग्रॅम कठीणपणा. ५० मिलिला १९, म्हणून लिटरला वीसपट, ३८०. टीडीएसमध्ये मात्र सोडियम, क्लोराईड, सल्फेट सगळंच मोजलं जातं. आणि घरोघरी असतो तो पेनासारखा मीटर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते बघून तो अंदाज दाखवतो. त्यातले क्षार कुठले, पाण्यात जंतू आहेत की नाहीत, यातलं काहीही तो सांगू शकत नाही.

अहवालात ३८० शेजारी २०० छापलंय, ते बघून ‘पाणी नापास’ असा निरोप ग्रुपवर फिरला. भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाला दोन मर्यादा आहेत: २०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. टीडीएसला तशाच ५०० आणि २०००. म्हणजे या दोन आकड्यांवरून हे पाणी विषारी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही कठीणपणाला आरोग्याच्या कारणासाठी मर्यादा घातलेली नाही. मुतखडा झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं, पण ‘या पाण्यानं सगळ्यांना खडे होणार’ हे खरं नाही. त्रास आहे तो गीझरच्या कॉइलवर बसणाऱ्या थराचा, डाळ न शिजण्याचा, साबणाला फेस न येण्याचा. तो त्रास खोटा नाही. आणि इथे दुसरा स्रोत दारात असताना ६०० ची सवलत घेऊन गप्प बसणंही बरोबर नाही.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड का, तर खाली बेसाल्टचा काळा कातळ आहे. मुरणारं पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली जातं आणि कातळातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत भेगांतून हळूहळू सरकतं. कातळाशी जितका वेळ संबंध, तितका कठीणपणा जास्त. म्युनिसिपालटी देते ते नदीचं पाणी घाटातल्या पावसाचं, भराभर वाहून आलेलं, म्हणून हलकं.

आता टाकीकडे या. बोअर आणि म्युनिसिपालटी यांच्या कठीणपणात ४६० चा फरक आहे. टाकी म्युनिसिपालटीपेक्षा ३२० नं वर. ३२० भागिले ४६०, म्हणजे टाकीत सुमारे ७० टक्के पाणी बोअरचं. टीडीएसवरून ताळा घ्या: ६१० भागिले ८७०, पुन्हा ७० टक्केच. कमिटीचे सभासद मला सांगत होते, बोअर फक्त नडीला लावतो. पाणी तसं सांगत नाही.

नमुने घ्यायला गेलो तेव्हा वॉचमनमामांना विचारलं. ते रात्री झोपण्याआधी बोअर लावून टाकी काठोकाठ भरतात, सकाळी कुणाची ओरड नको म्हणून. पहाटे म्युनिसिपालटीचं पाणी येतं तेव्हा टाकी भरलेली, बॉलकॉक बंद. सकाळच्या वापरानं पातळी थोडी उतरते, तेवढंच नदीचं पाणी आत येतं आणि पाण्याची वेळ संपते. यात मामांची चूक नाही, त्यांना तसंच सांगितलेलं आहे.

म्हणून आधी बिनखर्चाचं करून बघा. म्युनिसिपालटीचं पाणी येऊन जाईपर्यंत बोअरचं बटण दाबायचं नाही, मग कमी पडेल तेवढंच बोअर घ्यायचं. बोअरचा वाटा ३० टक्क्यांवर आला तर कठीणपणा २०० च्या आत आणि टीडीएस ३७० च्या आसपास येतो. तेवढं नदीचं पाणी मिळत नसेल, तर फ्लश आणि बागेसाठी बोअरची वेगळी टाकी आणि वेगळी लाईन करा. जुन्या इमारतीत पाइप फिरवायला खर्च येतो, तरी कॉइलवरचा थर त्यानं कमी होतो.

सॉफ्टनरचं म्हणाल, तर तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस कमी होत नाही, किंचित वाढतोच. त्यामुळे मीटर बुडवून ‘सॉफ्टनर फुकट गेला’ म्हणू नका, कठीणपणा तपासा. मात्र ५२० चं बोअरचं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरमागे जवळजवळ २४० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ते अंघोळ-कपड्यांना ठीक. पिण्याला, विशेषतः मीठ कमी करायला सांगितलेल्यांना, आणि झाडांना नको.

सोसायटीत एक विक्रेता येऊन दोन ग्लासात धातूच्या कांड्या घालून वीज सोडून गेला. नळाचं पाणी तांबूस गढूळ झालं, आरओचं स्वच्छ राहिलं. तो गाळ पाण्यातला नव्हता, झिजलेल्या लोखंडी कांडीचा होता. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी, म्हणून वीज फारशी वाहिली नाही आणि कांडी झिजली नाही. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालायला सांगा, तेही तांबूस होईल. असं दाखवून कुणी आजीआजोबांना घाबरवलेलं मला सहन होत नाही.

बोअरची वेळ आठवडाभर बदलून बघा आणि पुन्हा तिन्ही नमुने पाठवा. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरायची. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र आमच्याकडूनच न्या, ती विसळायची नाही. आरओचा ठराव तो अहवाल हातात आल्यावर मांडा.

आपला,
एक पाणी तपासणी तंत्रज्ञ, कोल्हापूर